शिळ्या पावाची बरणी

आमच्या घरात पाव कधी टाकला गेला नाही. तुकडा जमिनीवर पडला तर अम्मा तो उचलायची, कपाळाला लावायची आणि पाखरांसाठी कौलावर ठेवायची. ताटात न आलेला शिळा पाव मात्र वेगळ्या वाटेने जायचा. स्वयंपाक आटोपल्यावर तो चुलीतल्या उरल्यासुरल्या विस्तवापाशी वाळायचा, मग खलबत्त्यात कुटला जायचा आणि चिनी मातीच्या बरणीत जाऊन बसायचा. कटलेट करायचे ठरले की ती बरणी खाली यायची.

अम्मा गेल्यावर ती बरणी माझ्याकडे आली. कविता करणाऱ्या माणसाला वाटते, यात काय मोठेसे शिकायचे आहे? मी फ्रिजमध्ये कडक झालेले पाव तव्यावर तांबूस केले, मिक्सरमधून काढले आणि बरणी भरली. जुलै महिना होता, बाहेर रत्नागिरीचा पाऊस. पंधरा दिवसांनी आपा नातवंडांना घेऊन आली. खिम्याचे कटलेट थापून झाले आणि मी ऐटीत झाकण उघडले. आत चुऱ्याचे गोळे झाले होते, कुबट वास येत होता आणि कडेला हिरवट झाक होती. सगळा चुरा फेकावा लागला. अम्माच्या बरणीतला पाव मी कचऱ्यात टाकत होतो, याचे मला फार वाईट वाटले.

आपाने एक गोळा चमच्याने फोडून पाहिला आणि म्हणाली, "अरे, तू पाव वाळवला नाहीस, नुसता तापवलास."

तिचे म्हणणे खरे होते. शिळा पाव म्हणजे वाळलेला पाव, अशी माझी समजूत होती. पाव भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून मऊ होतो. पाव थंड झाल्यावर तो हळूहळू पुन्हा घट्ट बसू लागतो आणि पाव कडक लागतो; पण पिशवी बंद असेल तर त्यातले पाणी बहुतेक तिथेच असते. म्हणून तर शिळा पाव गरम केला की थोडा वेळ पुन्हा मऊ होतो. फ्रिजच्या थंडाव्यात ही क्रिया बाहेरच्यापेक्षा लवकर होते. माझे पाव हाताला दगडासारखे लागत होते, पण आतून ओलेच होते. ४०० ग्रॅमच्या ब्रेडमध्ये साधारण १५० ग्रॅम पाणी असते, आणि मी ते तसेच बरणीत भरले होते.

तेव्हा पहिले काम निवडण्याचे. शिळा पाव चालतो, बुरशी आलेला चालत नाही. एकच हिरवा ठिपका दिसला तरी तो पाव टाकून द्यावा. मऊ पावात बुरशीचे तंतू डोळ्यांना दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, त्यामुळे ठिपका कापून भागत नाही. बुरशी आलेल्या पावाला नाक लावून वासही घेऊ नये.

मग वाळवणे. लादी पाव अखखा वाळत नाही. वरचे कवच कडक होते आणि पोटात ओल राहते. त्याच्या बोटभर जाडीहून पातळ, म्हणजे सेंटिमीटरभर जाडीच्या चकत्या कराव्यात. ओव्हन असेल तर १२० अंशांवर तीस ते चाळीस मिनिटे ठेवाव्यात, मध्ये एकदा उलटाव्यात आणि ओव्हन बंद केल्यावर दार किंचित उघडे ठेवून आतच निवू द्याव्यात. ओव्हन नसेल तर जाड तवा आणि अगदी मंद आच. वर झाकण ठेवायचे नाही, नाहीतर निघालेली वाफ परत पावातच मुरते. दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिनिटे, मग थोडी विश्रांती, आणि पुन्हा एक फेरी. रंग फार चढू देऊ नये. वाळतानाच तांबूस झालेला चुरा कटलेटला लावून तळला की आतले शिजण्याआधी करपतो. माझी चूक हीच झाली होती. आच मोठी होती, रंग लवकर आला आणि रंग आला म्हणजे काम झाले असे मी समजलो.

वाळला की नाही हे रंगावरून कळत नाही, आवाजावरून कळते. चकती पूर्ण निवल्यावर मधोमध मोडावी. कट् असा आवाज येऊन तिचे दोन तुकडे झाले पाहिजेत. ती वाकली किंवा मध्ये चिवट लागली तर पुन्हा आचेवर. आपाने आणखी एक युक्ती सांगितली. दोन-तीन चकत्या डब्यात तासभर झाकून ठेवायच्या आणि मग पुन्हा मोडून पाहायच्या. पोटात ओल लपली असेल तर ती तेवढ्या वेळात कडेपर्यंत येते आणि कुरकुरीत वाटलेली चकती नरम पडते.

दळताना चकत्या पूर्ण थंड हव्यात आणि मिक्सरचे भांडे कोरडे हवे. गरम चकत्यांची वाफ भांड्याला धरते आणि चुरा चिकटतो. भांडे अर्धेच भरावे आणि मिक्सर थांबत थांबत फिरवावा. सलग फिरवला तर तळाला पीठ होते आणि वर तुकडे राहतात. मग रव्याच्या चाळणीने चाळावे. वर राहतो तो जाड चुरा कटलेटला बाहेरून लावायला, खाली पडतो तो बारीक चुरा मिश्रण बांधायला. ४०० ग्रॅम ब्रेडचा साधारण २५० ग्रॅम चुरा होतो.

कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत हा चुरा महिनाभर चांगला राहतो. पावसाळ्यात तो पिशवीत घालून फ्रिजरमध्ये ठेवावा आणि लागेल तेवढाच काढून पिशवी लगेच आत टाकावी. दूध-लोण्याचा गोडसर पाव असेल तर चुरा लवकर खवट होतो, तो आधी संपवावा. आणि कच्च्या खिम्याचे कटलेट घोळवून ताटात उरलेला चुरा परत बरणीत घालायचा नाही. तो त्याच वेळी वापरावा, नाहीतर टाकावा.

नातवंडांना सूपबरोबर लागतात ते क्रूटॉन. त्यासाठी एक-दोन दिवसांचा पाव बरा. ताजा पाव सुरीखाली दबतो. चार स्लाइसचे अंगठ्याच्या पेराएवढे चौकोन करावेत. चमचाभर तेलात ठेचलेली लसणाची पाकळी मंद तापवून काढून घ्यावी, कारण ती ठेवली तर पाव कुरकुरीत होण्याआधी लसूणच जळतो. ते तेल आणि चिमूटभर मीठ चौकोनांना हलक्या हाताने चोळून १७० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजावे, किंवा तव्यावर मंद आचेवर परतत राहावे. बाहेरून सोनेरी आणि आतून चिवट झाले तर आच जास्त झाली असे समजावे. आच कमी करून आणखी थोडा वेळ द्यावा. निवल्यावरच डब्यात भरावेत आणि तेल लागलेले असल्यामुळे आठवड्यात संपवावेत. सूपमध्ये ते अगदी वाढताना घालायचे.

पुढच्या खेपेला आपा आली तेव्हा तिने विचारण्याआधीच मी पिशवी पुढे केली. तिने चिमूटभर चुरा तळहातावर घेतला, फुंकर मारली. चुरा उडाला, हाताला चिकटला नाही. ती काही बोलली नाही. खिम्याचे भांडे पुढे ओढून तिने कटलेट थापायला घेतले.