शंभर कोणाचे? सूट, बिलं आणि आठवीचा वर्ग

आज मी माझ्या आठवीच्या वर्गातल्या चार तासांबद्दल बोलणार आहे. विषय गणिताचा आहे, पण घाबरू नका. हातात एखादं दुकानाचं बिल असेल तर जवळ ठेवा, ऐकताना बरं पडेल.

आठवीच्या पुस्तकात ‘सूट व कमिशन’ नावाचं प्रकरण आहे. टक्के मुलांना सहावीतच भेटलेले असतात. त्यामुळे पहिली काही वर्षं मी हे प्रकरण सूत्रांनी उरकायचे. छापील किंमत, सूट, विक्री किंमत, दिलेल्या संख्या सूत्रात घाला, उत्तर काढा. मुलं मार्कही मिळवायची. मग एका वर्षी मी चाचणीत प्रश्न थोडा उलटा घातला. शर्टावर शेकडा 20 सूट आहे, गिऱ्हाइकाने 640 रुपये दिले, तर छापील किंमत किती?

अर्ध्याहून जास्त वर्गाने 768 लिहिलं. 640 चे 20 टक्के 128, ते 640 मध्ये मिळवले, झालं. गुणाकार बरोबर, बेरीज बरोबर, उत्तर मात्र चूक. आणि ते चूक आहे हे कळायला अर्धं मिनिट पुरतं. 768 वर 20 टक्के सूट द्या. सूट येते 153 रुपये 60 पैसे, उरतात 614 रुपये 40 पैसे. 640 कुठे आले? पण उत्तर उलट फिरवून बघायचं, हे मी कधी शिकवलंच नव्हतं.

तेव्हा लक्षात आलं की मुलांना टक्के काढता येतात, पण ते कशाचे काढायचे ते कळत नाही. आपली आजी ‘शेकडा वीस’ म्हणायची, तो शब्द जास्त प्रामाणिक आहे. शेकडा म्हटलं की शंभराचा ढीग डोळ्यांपुढे येतो. मग पहिला प्रश्न असा, की हे शंभर कोणाचे? छापील किमतीचे, की दिलेल्या पैशांचे?

पुढच्या वर्षी मी मुलांना घरून बिलं आणायला सांगितली. दोन गोष्टी अनुभवाने सांगते. छापील बिलांचा तो गुळगुळीत कागद महिन्या-दोन महिन्यांत पांढरा पडतो, म्हणून बिल आणल्या दिवशीच आकडे वहीत उतरवून घ्यायचे. आणि बिलावर बरेचदा नाव आणि मोबाइल नंबर असतो, तो भाग वर्गात फिरवण्याआधी कापून टाकायचा. आमचं गाव तालुक्याचं. बरीच घरं बाजाराच्या दिवशी खरेदी करतात, तिथे बिल मिळत नाही. त्या मुलांना मी घरच्यांना विचारून तोंडी बिल लिहून आणायला सांगितलं. काय घेतलं, किती सांगितले, किती दिले. ‘तीनशे सांगितले, अडीचशेला दिलं’, यातही सूट आहेच.

आता वर्गात काय केलं ते सांगते. फळ्यावर एक लांब पट्टी काढली आणि तिचे दहा सारखे खण केले. अख्खी पट्टी म्हणजे छापील किंमत, म्हणजेच शंभर. एक खण म्हणजे दहा टक्के. शर्ट 800 चा असेल तर एका खणात 80 रुपये. सूट 20 टक्के म्हणजे दोन खण पुसायचे. राहिले आठ खण, 640 रुपये.

आता तोच उलटा प्रश्न विचारला. आठ खणांत 640 आहेत, तर एका खणात किती? 80. दहा खणांत? 800. मागच्या वर्षी जिथे वर्ग अडकला होता, तिथे या वेळी मागच्या बाकावरूनही उत्तर आलं. सूत्र मी सांगितलंच नव्हतं. 640 ही पूर्ण पट्टी नाही, आठ खणांची आहे, एवढं दिसलं की 640 चे 20 टक्के काढायला हात जातच नाही.

दुसऱ्या दिवशी एका मुलाने कपड्यांच्या सेलचं बिल आणलं. 800 च्या शर्टावर ‘20 टक्के सूट, वर आणखी 10 टक्के’. वर्ग एका सुरात म्हणाला, तीस टक्के! म्हणजे 560 व्हायला हवेत. बिलावर होते 576. लगेच कुजबुज सुरू झाली, ‘बाई, फसवलं त्याला.’

मी म्हटलं, आधी हे सोळा रुपये कुठे गेले ते शोधा, मग आरोप करा. पट्टीवर आठ खण उरले होते. दुसरी सूट या उरलेल्या तुकड्यावर आहे, म्हणजे आता 640 ची पट्टीच शंभर झाली. तिचे नव्याने दहा भाग केले, तर एका भागात 64 रुपये. 640 मधून 64 गेले, 576 राहिले. एकूण सूट 224 रुपये, म्हणजे 800 वर शेकडा 28. मग ते सोळा रुपये? पहिल्या सुटीत जे 160 रुपये आधीच कमी झाले होते, त्यांचे दहा टक्के म्हणजे सोळा. जे पैसे पट्टीवर उरलेच नाहीत, त्यांच्यावर दुसरी सूट कशी मिळणार? हे एका मुलीने स्वतः सांगितलं, मी फक्त खडू तिच्या हातात दिला.

तिसऱ्या तासाला कराचं बिल घेतलं. एकूण रक्कम 840 रुपये, कर धरून. खाली बारीक अक्षरांत कराचा दर 5 टक्के, सीजीएसटी 20 रुपये, एसजीएसटी 20 रुपये. मुलांनी 840 चे 5 टक्के काढले, 42 आले. बिलात 40 आहेत. आता वर्गाला दुकानदाराने दोन रुपयांचा कर बुडवल्याचा संशय!

इथे पट्टीचे वीस खण केले, कारण पाच टक्क्यांचा एक खण असे शंभरात वीस बसतात. हे वीस खण म्हणजे कर लावण्याआधीची किंमत. कर हा त्याच्या शेवटी जोडलेला एकविसावा खण. 840 रुपये एकवीस खणांत आहेत, म्हणजे एका खणात 40. कर 40, मूळ किंमत 800. बिल बरोबर होतं. सूट पट्टीच्या आतून कापली जाते, वर लावलेला कर पट्टीला बाहेरून जोडला जातो. पण शंभर दोन्हीकडे सुरुवातीच्या किमतीचेच असतात.

पट्टी सगळीकडे चालत नाही, हेही सांगते. 18 टक्के किंवा साडेबारा टक्के आले की खण पाडताना मुलं वैतागतात. तिथे मी पट्टी सोडून दोन ओळी लिहायला लावते. एका ओळीत टक्के, खाली रुपये. 118 च्या खाली बिलाची रक्कम, 100 च्या खाली प्रश्नचिन्ह. पण हे पट्टी पक्की झाल्यावर. आधीच दिलं तर 118 कुठून आले ते कळत नाही आणि पुन्हा पाठांतर सुरू होतं.

आता ज्या कारणासाठी मी हा विषय निवडला ते सांगते. चौथ्या तासाला एक मुलगी तास संपल्यावर थांबली. तिचे वडील मुलींचे फ्रॉक शिवून घेतात आणि स्वतःच्या छोट्या दुकानात विकतात, किंमतही तेच ठरवतात. दिवाळी जवळ आली होती. एक फ्रॉक ते 500 ला द्यायचे. कापड आणि शिलाई धरून त्यांना तो 460 ला पडायचा. समोरच्या दुकानात 20 टक्क्यांचा बोर्ड लागला, म्हणून यांनीही ठरवलं की किंमत 20 टक्क्यांनी वाढवायची आणि मग 20 टक्के सूट द्यायची. म्हणजे बोर्डही लागेल आणि 500 ही मिळतील. चिठ्ठ्या लिहिण्याचं काम हिच्याकडे होतं. 600 च्या चिठ्ठ्या लिहून झाल्या होत्या.

ती हळूच म्हणाली, ‘बाई, 600 चे दहा खण केले तर एकात 60 येतात. दोन गेले की 480 राहतात. पाचशे येतच नाहीत.’

वीस रुपये ऐकायला थोडे वाटतात. पण 500 ला विकल्यावर सुटायचे 40 आणि 480 ला सुटणार 20. म्हणजे दिवाळीची निम्मी कमाई कागदी चिठ्ठीतच गेली. मी तिला विचारलं, मग चिठ्ठी किती रुपयांची हवी? तिने तिथेच बाकावर आठ खण काढले. आठात 500, एकात साडेबासष्ट, दहात 625.

घरी सांगितल्यावर वडील आधी म्हणाले, ‘धंदा पुस्तकातून चालत नसतो.’ मग त्यांनी कॅल्क्युलेटर घेतला आणि 600 वर सूट काढून बघितली. दुसऱ्या दिवशी ती सांगत आली, की 625 चा आकडा त्यांना बरा वाटला नाही, त्यांनी 620 केला. आठ खणांचे 496 होतात. चार रुपये सोडायला ते तयार होते, वीस नाही.

मी हा हिशेब तिच्या परवानगीने, घरचं नाव न घेता, वर्गात मांडला. तेव्हा एका मुलाने विचारलं, ‘बाई, आधी वाढवून मग कमी करणं ही फसवणूक नाही का?’ मला हा प्रश्न टाळता आला असता. मी दोन गोष्टी सांगितल्या. बंद पाकिटावर जी कमाल किंमत छापलेली असते, तिच्यापेक्षा जास्त पैसे दुकानदाराने घेणं बेकायदा आहे, तिथे हा खेळ चालत नाही. जिथे विकणाराच किंमत ठरवतो तिथे गिऱ्हाइकाने बोर्डावरचे टक्के बघायचेच नाहीत. शेवटी खिशातून किती जाणार ते बघायचं, आणि तीच वस्तू शेजारी कितीला आहे ते विचारायचं. त्या मुलाचं पूर्ण समाधान झालं नाही, आणि त्याने ते तसं सांगितलंही.

या वर्षीच्या चाचणीत मी पुन्हा तोच 640 चा प्रश्न घातला. 768 लिहिणारे या वेळीही निघाले, पण थोडे. त्यातल्या एकाने 768 लिहून खाली सूट काढून बघितली होती, 614 आल्यावर सगळं खोडलं होतं आणि शेजारी आठ खण काढले होते. उत्तर लिहायला त्याला वेळ पुरला नाही. मी त्याला अर्धे मार्क दिले आणि पेपर परत देताना बाकीचं गणित माझ्यासमोर पूर्ण करायला लावलं.

तुमच्या हातातल्या बिलावर टक्क्यांचं चिन्ह दिसत असेल, तर घरातल्या मुलाला एवढंच विचारा, यातले शंभर कोणाचे? भेटू पुढच्या भागात. नमस्कार.