दोघांची गाठ घालून देताना

आमच्या लहानपणी ओळख करून द्यायची म्हणजे चिठ्ठी द्यायची. "पत्र घेऊन येणारे गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत, त्यांचे काम पाहावे," एवढ्या दोन ओळी पुरत. पुरत, याचे कारण चिठ्ठीत मजकूर भरपूर असे असे नव्हे. चिठ्ठी आणणारा माणूस स्वतः दारात उभा असे. राहिलेले तो तोंडाने सांगे, आणि समोरच्याला पटले नाही तर पाणी पाजून वाटेला लावता येई.

आता हेच काम ईमेलने होते. चिठ्ठीची सवय मात्र आमच्या हाताची गेलेली नाही. त्यापायी मी एका भल्या माणसाचे तीन आठवडे कसे वाया घालवले, ते आज सांगतो.

माझे एक शाळासोबती साताऱ्याकडे इमारतींचे इंजिनिअर आहेत. त्यांच्याकडे एका जुन्या दुमजली वाड्याचे काम आले. भिंत दगडाची, चुन्यात बांधलेली, दोन फूट जाड. काही वर्षांपूर्वी तिला आतबाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. चुन्याच्या भिंतीतली ओल चुन्यावाटे बाहेर पडत असते; सिमेंटने ती वाट बुजवली. ओल वर चढत गेली, आणि माडीच्या तुळईचे भिंतीत मुरवलेले टोक मऊ पडले. मित्राचा सारा जन्म आर.सी.सी.मध्ये गेलेला. मार्च चालू होता, जूनमध्ये पाऊस येणार. पुण्याच्या एक बाई जुन्या वास्तूंच्या जतनाचे काम करतात, त्या माझ्या परिचयाच्या. मी तत्परतेने दोघांच्या नावे एकच ईमेल धाडले : "तुम्हां दोघांची ओळख करून देत आहे. एकमेकांचा उपयोग होईल. जरूर बोलून घ्या."

कोणीच बोलले नाही. मित्राला वाटले, बाई वडीलधाऱ्या, त्यांचे उत्तर आल्यावर आपण लिहू. बाईंना वाटले, कोणी कंत्राटदार काम मागत असेल. चिठ्ठीवाला दारात येतो. ईमेलमध्ये दारात कोणीच नसते. दोन माणसे एका ओसरीवर आणून बसवायची आणि आपण निघून जायचे, असा तो प्रकार.

तीन आठवड्यांनी मी बाईंना फोन केला. त्यांनी तीनच प्रश्न विचारले : विचारणारे कोण, भिंतीला झालेय काय, आणि माझ्याकडून नेमके काय हवे? वर म्हणाल्या, "अहो, मला आधी विचारलं असतंत तर?" चूक तिथेच होती. ज्याचा वेळ आपण मागतो, त्याला आधी एकट्याला विचारावे. म्हणजे "नाही" म्हणायचे झाले तर ते आपल्याजवळच राहते. दुसऱ्याला "सध्या त्यांना सवड नाही" एवढेच सांगता येते. विचारण्यासाठी गरजवंताकडूनच चार ओळी लिहून घ्याव्यात. त्याच्या कामाची भाषा त्यालाच ठाऊक असते. मित्राच्या चार ओळी मी बाईंना वाचून दाखवल्या. त्यांनी अर्धा तास देण्याचे कबूल केले. मग मी दुसरे पत्र लिहिले, ते नावे गाळून असे :

"बाई, हे माझे शाळासोबती, साताऱ्याकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर आहेत. चुन्यातल्या दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा झाल्याने ओल चढून तुळईचे टोक मऊ झाले आहे. तुळईखाली टेकू दिलेला आहे. त्यांचा प्रश्न असा की, पावसाआधी सिमेंट उतरवून लगेच चुन्याचा गिलावा करावा, की यंदा भिंत नुसती वाळू द्यावी?

इंजिनिअरसाहेब, बाई पुण्यात जुन्या इमारतींच्या जतनाचे काम करतात. एका देवळाचा चुन्याचा गिलावा त्यांनी करून घेतला, तो मी स्वतः पाहिला आहे. मंगळवारी किंवा गुरुवारी सायंकाळी अर्धा तास फोनवर बोलण्यास त्या तयार आहेत. प्रत्यक्ष पाहणी करायची ठरल्यास फीचे तुम्ही दोघांनी बोलावे.

पहिले पत्र इंजिनिअरसाहेबांनी लिहावे. भिंतीचे फोटो आणि मोजमापाचा नकाशा सोबत जोडावा. मी येथून बाजूला होतो."

विषयाच्या ओळीत दोघांची आडनावे आणि "साताऱ्याकडील वाड्याची ओली भिंत" एवढे शब्द घातले, म्हणजे महिन्याने शोधले तरी पत्र सापडावे.

या पत्राची अडचण अशी की, एकच कागद दोघे एकाच वेळी वाचतात. बाईंची माहिती बाईंना नको असते, ती इंजिनिअरला हवी असते, त्यांची बाईंना. म्हणून प्रत्येकाला उद्देशून दुसऱ्याविषयी लिहायचे, आणि तेही या कामापुरतेच. बाईंचे सगळे मानसन्मान मी लिहिले नाहीत. पाहिलेला एक गिलावा लिहिला. इंजिनिअरचा भरवसा बसायला तो पुरे.

कागद दोघांचा, म्हणून काही गाळावेही लागते. वाड्याच्या मालकांत भाऊबंदकी आहे, हे मित्राने मला खाजगीत सांगितले होते. ते सांगायचे की नाही, हे ठरवणारा मी कोण? याच कारणाने जुन्या पत्रांची माळ तशीच पुढे ढकलू नये. तिच्या शेपटाला काय लोंबत असते, ते आपण विसरलेले असतो. कोरे पत्र लिहावे. आणखी एक आपल्याकडची बारीक गोष्ट : मित्राला मी एरवी अरेतुरे करतो, पण या पत्रात "तुम्ही" केले. बाईंच्या देखत "अरे" म्हटले, की त्यांच्या नजरेत ते माझे हरकामे ठरले असते!

पत्ता घालतानाही जपावे. आडनावाची दोन अक्षरे टाइप केली, की यंत्र भलत्याच पाटलांचा पत्ता पुढे करते. दोघांचेही पत्ते To मध्ये घालावेत. एकाला Cc मध्ये टाकले, तर तो नुसता साक्षीदार होऊन बसतो.

एवढे करूनही एक घोटाळा झालाच. मित्राने उत्तर दिले, ते Reply दाबून. ते एकट्या माझ्याकडे आले. बाई वाट पाहत राहिल्या असत्या! मी लगेच फोन करून त्यांना Reply all करायला सांगितले. त्याच वेळी माझा पत्ता Bcc मध्ये न्यायलाही सांगितले. त्यामुळे गाठ पडल्याचे ते एक पत्र मला दिसले, आणि पुढचा पत्रव्यवहार माझ्याकडे आला नाही. मात्र Bcc मध्ये असलेल्याने स्वतः Reply all करू नये. तसे केले की पडद्याआडचा माणूस पुन्हा सभेत येऊन बसतो.

आठवडाभर मला काही कळले नाही, तर काय करायचे हे मी ठरवून ठेवले होते. बाईंना नव्हे, मित्राला विचारायचे : "तुम्ही लिहिलेत का?" तगादा गरजवंताकडेच लावावा. पण ती वेळ आली नाही. पंधरा दिवसांनी मित्राच्या दोन ओळी आल्या. बाईंच्या सांगण्यावरून आतला सिमेंटचा गिलावा उतरवला आहे, भिंत यंदा वाळू द्यायची, चुन्याचे काम दिवाळीनंतर. तुळईचे कुजके टोक कापून जोड द्यायचे ठरले आहे.

या दोन ओळींनी मला बरे वाटले, ते केवळ तुळई वाचली म्हणून नव्हे. आपल्या शब्दावर बाईंनी वेळ दिला, तो कारणी लागला हे मला कळले. आता पुन्हा कोणाला त्यांच्याकडे पाठवायचे झाले, तर मी त्यांना फोन करू शकेन.