मूठभर पूर्वजांचा वारसा



शस्त्रक्रियेपूर्वी रोग्यास भूल देतात, तेव्हा श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी त्याचे स्नायू काही काळ शिथिल करावे लागतात. त्याकरिता सक्सिनिलकोलीन नावाचे औषध फार दिवसांपासून वापरात आहे. टोचल्यावर मिनिटभरात सारे अंग लुळे पडते आणि पाच-दहा मिनिटांत पूर्ववत होते. ते इतक्या लवकर पूर्ववत होते, याचे कारण रक्तातील एक विकर त्या औषधाचे तुकडे करून टाकते. या विकराचे नाव ब्युटिरिलकोलिनएस्टरेज. ज्यांच्या रक्तात हे विकर जन्मतःच नसते, त्यांना एरवी काहीच त्रास नसतो. ते हिंडतात-फिरतात, संसार करतात, म्हातारे होतात. परंतु हे औषध टोचले की पाच-दहा मिनिटांचा लुळेपणा काही तास टिकतो. छातीचे स्नायूही हलेनासे होतात. शेजारी कृत्रिम श्वास देणारे यंत्र आणि ओळखणारा डॉक्टर नसेल, तर रोगी दगावतो.

आता विशेष असे की, हा दोष जगात सर्वत्र विरळा असताना आंध्र व तेलंगण भागातील वैश्य समाजात तो इतर समाजांच्या मानाने सुमारे शंभरपट अधिक आढळतो. तेथील भूलतज्ज्ञ रोग्यास त्याची जात विचारतात, ती याच कारणास्तव. सरकारी नोकरीत जातीचा रकाना भरून घेण्यात माझे बरेच आयुष्य गेले. पण त्या रकान्याचा असाही एक उपयोग असेल, हे माझ्या ध्यानी आले नव्हते.

हे असे का व्हावे? त्या लोकांच्या आहारात वा आचारात दोष आहे काय? मुळीच नाही. याचे उत्तर साध्या त्रैराशिकाने समजते.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती आपल्यापाशी असतात, एक मातेकडून व एक पित्याकडून आलेली. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम भागवते. अशा माणसास वाहक म्हणतात. तो स्वतः निरोगी असतो. दोन वाहकांचा विवाह झाला, तर त्यांच्या प्रत्येक अपत्यास दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याचा संभव चारांत एक इतका असतो. समजा, मोठ्या लोकसंख्येत अशी बिघडलेली प्रत हजारात एक आहे. त्या लोकसंख्येतून पन्नास माणसे निघाली, दूर जाऊन राहिली आणि पुढे आपसांतच सोयरिकी करू लागली. पन्नास माणसांच्या मिळून शंभर प्रती. योगायोगाने त्यांपैकी एकाजवळ ती बिघडलेली प्रत असली, तर तिचे प्रमाण एकदम शंभरात एक झाले. रोग होण्यास दोन प्रती लागतात, म्हणून प्रमाणाचा वर्ग करावयाचा. बाहेरच्या लोकांत रोगी दहा लाखांत एक. या नव्या समाजात दहा हजारांत एक. प्रत दहापट झाली आणि रोग शंभरपट झाला. यास शास्त्रज्ञ संस्थापक-परिणाम म्हणतात. पुढे पन्नासांचे पन्नास हजार झाले, तरी बाहेरचे रक्त आत न आल्यामुळे ते प्रमाण पातळ होत नाही.

येथे एका समजुतीचा निरास केला पाहिजे. आपण म्हणतो, ‘आम्ही सगोत्र विवाह करीत नाही, मग आम्हांस भय कसले?’ गोत्र पित्याच्या बाजूने चालते; एका माणसाच्या असंख्य पूर्वजांपैकी ते एकाच रेषेचा हिशेब ठेवते. मूळचे पूर्वजच मोजके असतील, तर भिन्न गोत्राचे, भिन्न गावचे वधू-वरही शेकडो वाटांनी एकाच पूर्वजापर्यंत पोचतात. जवळच्या नात्यातील विवाहाने धोका वाढतो हे खरे. पण तो टाळल्याने हा दुसरा, जुना धोका टळत नाही.

सन २००९ मध्ये हैदराबादच्या पेशी व रेणू जीवविज्ञान केंद्रातील कुमारसामी थंगराज व लालजी सिंग आणि अमेरिकेतील डेव्हिड राइश व त्यांचे सहकारी यांनी भारतातील अनेक समाजांचा आनुवंशिक अभ्यास प्रसिद्ध केला. वैश्य समाजाचा मूळ संस्थापक-प्रसंग शंभराहून अधिक पिढ्यांपूर्वीचा असावा, असे त्यांना आढळले. दोन हजारांहून अधिक वर्षे बेटीव्यवहाराची कुंपणे शाबूत राहिली, असा त्याचा अर्थ. सन २०१७ मध्ये अडीचशेंहून अधिक दक्षिण आशियाई समाज तपासले गेले. त्यांपैकी ८१ समाजांत हा परिणाम फिनलंडचे लोक व पूर्व युरोपातील ज्यू यांच्याहूनही तीव्र निघाला. त्यांतले काही समाज दहा लाखांहून मोठे आहेत. म्हणजे समाज आज केवढा आहे, याला महत्त्व नाही. तो आरंभी केवढा होता, याला आहे.

परंतु एखाद्या समाजात एखादा आनुवंशिक रोग फार दिसला, की तो संस्थापकाचाच वारसा, असे मानणे चुकीचे होईल. विदर्भातील व सातपुड्यातील अनेक जमातींत सिकलसेलचा विकार आढळतो. त्याच्या वाहकास हिवतापापासून संरक्षण मिळते, म्हणून हिवतापाच्या प्रदेशात ती प्रत टिकली व वाढली. मग खरा संस्थापक-परिणाम ओळखावा कसा? सर्व रोग्यांत एकच बिघाड सापडला आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा जनुकद्रव्याचा पट्टाही सारखाच निघाला, तर तो बिघाड एकाच पूर्वजाकडून आला, असे समजावे. प्रत्येक पिढीत हा पट्टा कोठेतरी तुटून सांधला जातो. म्हणून लांब पट्टा अलीकडचा पूर्वज सांगतो व आखूड पट्टा जुना.

आणखी एक गोष्ट. मूठभर पूर्वजांबरोबर काही दोष येतात, तसे काही मागे राहूनही जातात. फिनलंडमध्ये अन्यत्र क्वचितच दिसणारे कित्येक आनुवंशिक रोग आहेत; पण युरोपात इतरत्र आढळणारा फेनिलकीटोन्यूरिया तेथे दुर्मीळ आहे. तेव्हा अमुक जातीचे रक्त हीन, अशी भाषा अज्ञानाची होय. काही सदोष प्रती तर आपणा प्रत्येकापाशीच असतात.

यावर उपाय आहे, आणि तो एका बापाच्या दुःखातून निघाला. टे-सॅक्स नावाचा रोग पूर्व युरोपातील ज्यूंमध्ये अधिक; त्यात मूल काही वर्षांतच दगावते. न्यूयॉर्कचे धर्मगुरू जोसेफ एकस्टाइन यांनी अशी मुले गमावली. त्यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘डोर येशोरिम’ ही संस्था काढली. तरुण मुलामुलींचे रक्त तपासावयाचे आणि निकाल न सांगता केवळ एक क्रमांक हाती द्यावयाचा. स्थळ सांगून आले की दोन्ही क्रमांक कळवावयाचे. दोघेही एकाच रोगाचे वाहक असतील, तरच संस्था ‘हे लग्न योग्य नाही’ असे सांगते. एकच वाहक असला, तर ती गोष्ट कोणासही कळत नाही. त्यामुळे कोणत्याही मुलीच्या वा घराण्याच्या नावावर डाग लागत नाही. रूढी मोडली नाही, सोयरिकी समाजातच राहिल्या, आणि त्या समाजातील हा रोग जवळजवळ नाहीसा झाला.

समाज लहान असण्याचा येथे फायदाच होतो. शोधावयाचा बिघाड ठाऊक असतो, म्हणून तपासणी सोपी पडते. विकर नसलेल्या माणसाबाबत तर याहूनही सोपे आहे. त्याच्या कागदावर एक ओळ लिहिलेली असावी, की सक्सिनिलकोलीन देऊ नये. डॉक्टर दुसरे औषध वापरतो. आणि चुकून दिले गेलेच, तर औषधाचा अंमल उतरेपर्यंत श्वास यंत्राने चालू ठेवतो व रोग्यास झोपेत ठेवतो. कारण अंग हलत नसले तरी माणूस आत जागा असू शकतो. त्याच्या सख्ख्या भावंडांचेही रक्त तपासून घ्यावे, कारण त्यांच्यातही हा दोष असण्याचा संभव चारांत एक असतो.

आपल्याकडे लग्न ठरविताना पत्रिका पाहतात, गोत्र पाहतात, सात पिढ्यांची चौकशी करतात. पूर्वजांनी दिलेले घर आणि शेत यांची नोंद तलाठ्याच्या दप्तरी असते. रक्तात दिलेल्या वारशाचीही एक ओळ घरच्या कागदांत असावी, एवढेच मला सुचवावयाचे आहे.