ढेकर, गुबारा आणि गॅस

पोटातला वायू दोन वाटांनी येतो आणि तो कधी त्रास देतो, यावरून त्याची वाट बहुतेक वेळा ओळखता येते. चंदनसारहून विरार स्टेशन गाठून लोकल पकडायची, म्हणून चहा-पोहे घाईघाईत पोटात ढकलले जातात. अशा वेळी घासाबरोबर हवाही गिळली जाते. काही मिनिटांतच ढेकरा सुरू होतात. या ढेकरांना सहसा वास नसतो, कारण ती बाहेरचीच हवा असते. मुद्दाम ढेकर काढणारा माणूस त्यासाठी आणखी हवा आत ओढतो आणि त्रास वाढतच जातो.

वालाच्या उसळीचं गणित वेगळं आहे. वालातल्या काही शर्करा फोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या लहान आतड्यात नसतं. त्या न पचता मोठ्या आतड्यात पोहोचतात, तिथले जिवाणू त्या आंबवतात आणि वायू तयार होतो. म्हणून पोट फुगतं ते काही तासांनी. वाल भिजवून, पाणी फेकून, मोड आणून केलेलं बिरडं त्यामानाने सोसतं.

मात्र छातीवर दाब, घाम, धाप असताना ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिणं घातक ठरतं. तो हृदयविकाराचा झटका असू शकतो आणि लगेच रुग्णालय गाठावं लागतं. वजन घटणं, शौचातून रक्त, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, यांचीही तपासणी हवी. स्त्रियांमध्ये आठवडेच्या आठवडे न उतरणारा फुगवटा क्वचित अंडाशयाच्या कर्करोगाचं लक्षण असतो.