दोनशे पुस्तिका : डिजिटल की ऑफसेट?
(कार्यकारिणीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपली यंदाची पुस्तिका आतली ३२ पाने आणि रंगीत मुखपृष्ठ अशी आहे. प्रती फक्त २००. त्या कुठे छापाव्यात, यावर मागच्या सभेत बरीच चर्चा झाली होती.

प्लांटमधल्या मंडळींना हे लगेच पटेल. मिलमध्ये रोल बदलायचे असले की ऑर्डर लहान असो वा मोठी, वेळ तेवढाच जातो. ऑफसेटचे तसेच आहे. एका प्लेटवर आपली आठ पाने बसतात, म्हणजे आतल्या मजकुराला चार प्लेटा आणि मुखपृष्ठाच्या चार रंगांना चार. शिवाय रंग जुळेपर्यंत बरेच कागद वाया जातात. समजा, या सगळ्याचे ६००० रुपये झाले आणि पुढे प्रत्येक प्रतीला १२ रुपये पडले, तर २०० प्रतींचे ८४०० रुपये होतील. डिजिटलमध्ये प्लेटच नाही. प्रत ३५ रुपयांना पडली तर एकूण ७०००. पण ५०० प्रती काढल्या तर ऑफसेट १२,००० आणि डिजिटल १७,५००! या दरांनी साधारण २६० प्रतींवर पारडे फिरते. दर बदलले की हा आकडाही बदलेल, म्हणून दोन्हीकडून दर मागताना सुरुवातीचा खर्च आणि दर प्रतीचा खर्च वेगळा लिहून घ्यावा.

दर्जाचे म्हणाल, तर मोठ्या गडद रंगाचा सपाट भाग ऑफसेटवर अधिक एकसारखा उतरतो. डिजिटलचे टोनर कागदाच्या वर बसते, त्यामुळे गडद मुखपृष्ठ दुमडले की घडीवर पांढरी रेघ फुटते. नमुन्याचे पान दुमडून घडीवर नख फिरवा, लगेच कळेल. आधी क्रीजिंग करून घेतले, लॅमिनेशन केले आणि घडीजवळचा रंग फिका ठेवला, तर हा दोष बराच टळतो.

वेळेचा हिशेब वेगळा. ऑफसेटची शाई वाळल्याशिवाय घडी घालता येत नाही, आणि भाद्रपदातल्या दमट हवेत ती रेंगाळते. डिजिटलचा कागद बाहेर पडला की लगेच घडी घालता येते.

मला मात्र सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते आपल्या मराठीचे. इथले जुळणी करणारे हिंदीभाषक. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला, म्हणजे डोंगरातल्या दरीचा समुद्र झाला, तरी त्यांना खटकत नाही. आणि त्यांना दोष तरी कसा द्यावा? ‘ळ’चा ‘ल’ही असाच होतो. प्लेट झाल्यावर अशी चूक सापडली तर नवी प्लेट. डिजिटलवर आधी एकच प्रत काढून, टाचून, वाचता येते. फाँट बदलू नयेत म्हणून फाईल पीडीएफ करून, फाँट आत घालूनच द्यायची.

म्हणून यंदा डिजिटल, असे माझे मत आहे. ती पहिली प्रत वाचायला मला दोन जण हवेत, आणि त्यांतला एक तरी मजकूर आधी न पाहिलेला असावा.