आधी गळा, मग सावली

गणपती जवळ आले की मंडळांच्या टी-शर्टांच्या ऑर्डरी निघतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर कॉलेजांच्या हुडींच्या. ऑर्डर देताना गिऱ्हाईक छपाईवाल्याला एकच विचारतं, ‘हे दिसेल कसं?’ कपडा अजून शिवलेला नसतो, कारखान्यातून नमुना यायला वेळ असतो आणि छपाईवाल्याच्या संगणकात बहुतेक वेळा गोल गळ्याचा साधा टी-शर्ट घातलेल्या माणसाचा एखादा फोटो असतो. त्याच फोटोवरून कॉलरवाला पोलो करून दाखवायचा किंवा टोपीची हुडी. हे काम वरवर सोपं वाटतं, कारण कॉलर किंवा टोपी काढून वर ठेवली की झालं, असा समज असतो. आज मला नेमकं याच समजाच्या विरुद्ध बोलायचं आहे. नवा भाग काढणं हा या कामातला सोपा हिस्सा आहे. जुन्या गळ्याने मागे ठेवलेल्या खुणा पुसणं आणि नव्या कपड्याचं वजन सावल्यांतून उभं करणं, हा त्यातला अवघड हिस्सा, आणि चित्र खरं वाटतं की खोटं, ते तिथेच ठरतं.

सुरुवात गळ्यापासून करू. टी-शर्टच्या गळ्याला जी रिबची पट्टी असते ती साधारण दोन सेंटिमीटर रुंद असते आणि कापताना गळ्याच्या घेरापेक्षा मुद्दाम तोकडी घेतलेली असते. ती ताणून शिवतात, म्हणून गळा मानेभोवती चापून बसतो. या ताणाचा परिणाम पट्टीपुरता राहत नाही. पट्टीखालच्या कापडावर बारीक चुण्या पडतात, पट्टीच्या वरच्या कडेची एक बारीक सावली मानेच्या कातडीवर पडते आणि खालच्या शिवणीचा काठ उजेडात किंचित चमकतो. आता या गळ्यावर नुसती कॉलर ठेवली, तर कॉलरच्या दोन पात्यांमधून जुन्या रिबची कमान डोकावते किंवा रिब झाकली गेली तरी तिच्या चुण्या छातीवर तशाच राहतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण टी-शर्टवर कॉलर चिकटवल्याचं त्याला जाणवतं. म्हणून पहिलं काम मोडण्याचं. फोटोशॉपमध्ये करा किंवा फुकट मिळणाऱ्या गिंपमध्ये, मूळ फोटोला हात न लावता वर नवा थर घ्यायचा आणि क्लोन स्टॅम्पने छातीच्या सपाट भागातलं कापड उचलून रिब, तिची शिवण आणि चुण्या झाकून टाकायच्या. मानेवरची बारीक सावलीही शेजारच्या कातडीने भरायची. इथे एक मर्यादा आधीच ओळखावी. पोलोचं वरचं बटण उघडं दाखवायचं तर गळ्याखाली जी कातडी दिसायला हवी, ती मूळ फोटोत नाहीच, टी-शर्टने ती झाकलेली आहे. ती बनवत बसण्यापेक्षा बटणं लावलेला पोलो दाखवणं शहाणपणाचं.

आता एक उदाहरण पुरतं करून पाहू. मरून रंगाचा टी-शर्ट आहे, माणूस समोर तोंड करून उभा आहे आणि उजेड आपल्या डाव्या हाताकडून, वरून येतो आहे. उजेडाची दिशा अंदाजाने ठरवायची नसते, ती फोटोत लिहिलेली असते. नाकाची सावली कुठे पडली आहे, हनुवटीखालचा काळोख कोणत्या बाजूला सरकला आहे, हे पाहिलं की कळतं. पेन टूलने कॉलरची दोन पाती वेगवेगळ्या थरांवर काढायची. पोलोची कॉलर विणलेली आणि मऊ असते, शर्टाच्या कॉलरसारखी कडक नसते. म्हणून मानेजवळ ती जिथे दुमडते तिथे धारदार रेघ काढू नये, गोलाई ठेवावी. पाती जिथे कापडाला टेकते तिथे सावली अरुंद आणि गडद असते. पातीचं टोक छातीपासून जरा उचललेलं असतं, म्हणून तिथली सावली रुंद होते आणि तिची कड विरघळत जाते. या उदाहरणात दोन्ही पात्यांच्या सावल्या उजवीकडे आणि खाली पडतील. दोन्ही बाजूंना सारखी सावली काढली की कॉलर कागदाची वाटू लागते. आणि हनुवटीची जी सावली मूळ फोटोत मानेवर होती, ती आता उजवीकडच्या पातीवरही चढली पाहिजे, कारण मान आणि उजेड यांच्यामध्ये हनुवटी आहे तिथेच आहे, फक्त मानेपुढे कॉलर आली आहे. हीच गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. बटणपट्टीचंही तसंच. पुरुषांच्या पोलोत घालणाऱ्याची डावी बाजू उजवीवर येते, म्हणजे समोरून पाहताना पट्टीची मोकळी कड आपल्या डाव्या हाताला दिसते. आपला उजेडही डावीकडूनच आहे, म्हणून त्या कडेला उजळ रेघ येईल, तिथे गडद सावली येणार नाही. पट्टी उलटी काढली, तर शिवणकाम जाणणारं गिऱ्हाईक पहिल्याच नजरेत बोट ठेवतं.

सावली काढायची कशी, याबद्दलही थोडं थांबून सांगायला हवं. मरून कापडावर राखाडी रंगाने साध्या पद्धतीत ब्रश फिरवला की कापडावर धूळ बसल्यासारखी दिसते, कारण ती राखाडी कापडाच्या रंगावर पसरते आणि खालची वीण झाकते. त्याऐवजी सावलीचा थर मल्टिप्लाय या पद्धतीवर ठेवतात. त्यात खालच्या प्रत्येक बिंदूचा उजेड वरच्या रंगाने गुणला जातो. उजेड शून्य ते एक असा मोजला, तर ०.५ उजेडाच्या बिंदूवर ०.६ ची सावली ठेवल्यावर ०.३ उरतो. शेजारचा धागा ०.४ असेल तर तो ०.२४ होतो. दोन्ही धागे काळवंडतात, पण त्यांच्यातला फरक त्याच प्रमाणात टिकतो, म्हणून वीण दिसत राहते. सावलीचा रंग त्याच फोटोतल्या सर्वांत गडद चुणीतून उचलावा. कापडावरून उसळलेला उजेड चुणीच्या आत फिरतो आणि तिथला मरून अधिक गहिरा होतो, शुद्ध काळा तसा दिसत नाही. याच हिशेबातून काळ्या टी-शर्टची अडचणही समजते. शून्याच्या जवळचा आकडा कशानेही गुणला तरी शून्याजवळच राहतो, म्हणून काळ्या कापडावर सावली काढून काही उमटत नाही. तिथे कॉलरची कड, दुमड आणि शिवण उजळ रेघांनी उभी करावी लागते.

हुडीची टोपी हा याहून कठीण भाग, कारण कॉलरपेक्षा तिला जास्त वजन आहे. मागे टाकलेली टोपी समोरून पाहताना नवखे लोक डोक्यामागे एक सारखं अर्धवर्तुळ काढतात. तशी टोपी हवेने फुगवली तरच उभी राहील. खरी टोपी तिच्या भाराने पाठीकडे झुकते. तिच्या दोन जाड कडा गळ्याच्या पुढच्या मध्यावर भेटतात किंवा एकीवर एक चढतात, तिथून मानेच्या दोन्ही बाजूंना उंच होत जातात आणि मानेमागे पुन्हा झोळासारख्या खाली बसतात. मानेमागे टोपीच्या आतला भाग दिसतो आणि तिथे उजेड पोहोचत नसल्याने तो चित्रातला सर्वांत काळोखा भाग असतो. एवढी एक काळोखी पट्टी बरोबर आली की टोपीला खोली येते. पुढच्या कडेला नाडीसाठी दुमडलेली पट्टी असते, तिची शिवण कडेला समांतर जायला हवी. नाडीची सावली छातीवर पडते, पण नाडी लोंबत असल्याने ती सावली वर चिकटून आणि खाली किंचित सुटी दिसते.

टोपी झाल्यावरही काम संपत नाही, कारण खाली अजून टी-शर्टचंच कापड आहे. नेहमीचा टी-शर्ट दर चौरस मीटरला १६० ते १८० ग्रॅमच्या आसपास असतो, हुडीचं कापड २८० ते ३५० ग्रॅमपर्यंत जातं. पातळ कापड काखेत आणि कमरेजवळ अनेक बारीक, धारदार चुण्या घेतं. जाड कापड थोड्याच चुण्या घेतं, त्या रुंद आणि गोलसर असतात. म्हणून बारीक चुण्या पुसाव्यात, उरलेल्या मोठ्या चुण्यांच्या सावल्या पसरवून मऊ कराव्यात आणि लिक्विफायने खांद्यांची व बाह्यांची बाह्यरेषा किंचित बाहेर ढकलावी. अर्ध्या बाह्यांच्या फोटोत पूर्ण बाह्या बनवणं म्हणजे जवळजवळ नवं चित्र काढणं. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा फोटो घ्यावा किंवा चित्र छातीपर्यंत कापावं.

यावर एक रास्त आक्षेप येतो. गिऱ्हाईक रंग, बोधचिन्ह आणि भाव पाहतं, चुण्या कोण मोजतं? चुण्या कोणी मोजत नाही, हे खरं. पण निर्णय या चित्रावरच होतो. छातीच्या मध्यावरचं मोठं बोधचिन्ह टी-शर्टवर शोभतं, पोलोत ते बटणपट्टीला अडतं, हुडीत त्यावरून नाड्या लोंबतात आणि पोटावरचा खिसा छपाईची जागा खातो. गळा नीट बांधलेला असेल तर हे सगळं ऑर्डर देण्याआधीच दिसतं आणि मंडळ बोधचिन्ह डाव्या छातीवर घ्यायचं ठरवतं. चिकटवलेल्या कॉलरमध्ये ते दिसत नाही आणि चूक शंभर कपडे छापून आल्यावर कळते. दुसरा आक्षेप असा, की खऱ्या हुडीचाच फोटो का काढू नये? हुडी हाताशी असेल तर जरूर काढावा, तेच उत्तम. पण रंग आणि प्रकार ठरल्याशिवाय नमुना शिवला जात नाही आणि ते ठरवण्यासाठीच तर हे चित्र हवं असतं.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. नसलेला कपडा खऱ्यासारखा दाखवणं ही फसवणूक नाही का? चित्रावर ‘प्रातिनिधिक’ असं स्पष्ट लिहिलं नाही, तर आहे. आणि पासपोर्टसारख्या सरकारी ओळखपत्राच्या फोटोवर ही करामत कधीच करू नये. पण ऑर्डरीच्या चित्रात प्रामाणिकपणा केवळ त्या एका शब्दाने येत नाही. पातळ कापडाच्या चुण्या ठेवून हुडी दाखवली, तर चित्राने कापडाच्या जाडीबद्दल खोटं सांगितलेलं असतं, खाली काहीही लिहा. म्हणून चित्र पाठवण्याआधी ते एकदा कृष्णधवल करून पाहावं. रंग गेला की चुकीच्या दिशेची सावली, उरलेली रिब, हवेत उभी टोपी हे सगळं लगेच उघडं पडतं. त्या कृष्णधवल चित्रातही कपडा पोलो म्हणून किंवा हुडी म्हणून ओळखू आला, तरच ते गिऱ्हाइकापुढे ठेवावं.