पास्ता कधी उतरवायचा?

दिंद्रुडच्या काही मैत्रिणींनी विचारलंय की पास्त्याच्या पाककृतीत ‘अल देंते’ होईपर्यंत शिजवा असं लिहिलेलं असतं, ते म्हणजे नेमकं किती? पास्ता शिजलेला असावा, पण दाताला किंचित प्रतिकार करावा, ही इटालियन स्वयंपाकातली ती पायरी.

भाताची कणी तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. बिर्याणीचा तांदूळ आपण थोडी कणी ठेवूनच उपसतो, कारण पुढे दमावर तो शिजायचा असतो. पास्त्याचंही तसंच. बाहेरून आत पाणी शिरतं, त्यामुळे मधला भाग सगळ्यात शेवटी शिजतो. ती मधली कणी ओळखायची, एवढंच शिकायचं आहे.

समजा, दोनशे ग्रॅम पेने, म्हणजे नळीचा पास्ता घेतला. दोन लिटर पाणी खळखळू द्या, तीन लहान चमचे मीठ घाला, मग पास्ता सोडा आणि लगेच हलवा. पाकिटावर अकरा मिनिटं लिहिली असतील, तर आठव्या मिनिटाला एक नळी काढा, फुंकर घाला आणि समोरच्या दातांनी तोडा. दाताला पीठ चिकटलं, कच्च्या पिठाची चव आली, तुटलेल्या कडेत जाड पांढरी रेघ दिसली, तर अजून कच्चा आहे. मिनिटाभराने दुसरी नळी तोडा. पुन्हा सांगते, तोडून बघा. रेघ केसाएवढी बारीक झाली, पीठ लागत नाही, पण दात अलगद अडतो, की उतरवा. रेघ दिसतच नाही आणि जिभेनेच नळी चेपते, म्हणजे वेळ टळून गेली.

घड्याळ बघून गॅस बंद करू नका. पाकिटावरची मिनिटं फक्त अंदाज देतात. नळीची जाडी बदलली की वेळही बदलते. दात मात्र फसत नाही.

आता पीठ बघा. पाकिटामागे ड्युरम गव्हाचा रवा लिहिलाय का ते वाचा. आपल्याकडचा बन्सी गहू ड्युरमच. त्यातली प्रथिनं शिजताना स्टार्चला घट्ट धरून ठेवतात, म्हणून दाताला तो ताण लागतो. नुसत्या मैद्याचा पास्ता बाहेरून लवकर गिळगिळीत होतो; त्यात ही पायरी नीट सापडतच नाही. तिथे स्वतःला दोष देऊ नका, पाकीट बदला.

वेळ संपत आलीये, म्हणून सॉसचं थोडक्यात. पास्ता सॉसमध्ये मिनिट-दोन मिनिटं परतायचा असेल, तर रेघ थोडी जाड असतानाच उपसा आणि पास्त्याचं वाटीभर पाणी बाजूला ठेवा. गार पाण्याखाली धुऊ नका, वरचा स्टार्च निघून जातो आणि सॉस धरत नाही. आणि तोडून बघितल्याशिवाय गॅस बंद करू नका.